आयोला उशीर होतोय

अर्बन मिस्किटा सर स्टाफरूममध्ये आले की आम्हा बाकीच्यांचं पेपर तपासणं बंद पडायचं. ऐकायचं नसलं तरी ऐकावं लागायचं, कारण आवाज खणखणीत. अंधेरीतल्या अंबोलीच्या चर्चमध्ये दर रविवारी गाणारा माणूस तो, हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. पण हाच माणूस दुर्बिणीपाशी बसला की मुका व्हायचा आणि दुसऱ्यालाही मुकं करायचा. तिथे त्यांचा एक कडक नियम होता. गुरूचा चंद्र ग्रहणातून बाहेर येतानाची वेळ घ्यायची असेल तर कुणी ‘आला’ म्हणायचं नाही, ‘दिसला’ म्हणायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. ज्याला जेव्हा दिसेल तेव्हा त्याने आपल्या हातातलं स्टॉपवॉच दाबायचं आणि गप्प बसायचं.

“डोळा फार लाचार असतो, अनुपमा,” ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. “कानाने सांगितलं की लगेच हो म्हणतो. नसलेलंसुद्धा बघतो.”

मी पार्ल्याच्या कॉलेजात त्यांच्याच खात्यात फिजिक्स शिकवायला लागले तेव्हा ते पंचेचाळिशीचे होते. आमचं कॉलेज सकाळचं, पहिला तास सातला. सर अंबोली गावठाणातून सायकलने यायचे आणि पॅन्टच्या पायाला लावलेली क्लिप काढायला विसरून तसेच वर्गात शिरायचे. पोरं हसायची. सरही हसायचे आणि क्लिप काढायची तेवढी राहूनच जायची. त्यांचं घर बैठं, कौलारू, पुढे आंब्याचं झाड. मागच्या अर्ध्या घराची कौलं काढून त्यांनी स्लॅब टाकला होता. ज्युलिया आंटी, म्हणजे त्यांची बायको, येईल त्याला सांगायच्या की गावठाणात सगळ्यांनी स्लॅब टाकून वर भाडेकरू ठेवले, ह्यांनी तेवढी दुर्बीण ठेवली, आणि ती भाडं देत नाही. दुर्बिणीचा सहा इंची आरसा सरांनी स्वतः घासला होता, नळी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधून वळवून आणली होती. तिला मोटर वगैरे काही नाही. पृथ्वी फिरते तसा ग्रह नजरेतून सरकत जातो, आणि दर मिनिटाला हाताने नळी जरा ढकलून त्याला परत मधोमध आणावं लागतं. सरांचा हात ते न सांगता करायचा.

हे सगळं सुरू झालं एकोणऐंशीच्या मार्चमध्ये. अमेरिकेचं यान गुरूजवळून गेलं आणि त्याच्या आयो नावाच्या चंद्रावर जिवंत ज्वालामुखी दिसले. एक नाही, कितीतरी, आणि शेकडो किलोमीटर उंच फवारे उडवणारे. पृथ्वीखेरीज दुसरीकडे कुठे ज्वालामुखी पेटलेला माणसाने तोवर पाहिला नव्हता, आणि हा तर पृथ्वीलाही मागे टाकणारा निघाला. ती बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सर बारावीच्या वर्गात लोखंडी तारेचे तुकडे घेऊन गेले. मी मागच्या बाकावर बसले होते, नवीन होते म्हणून शिकायला. प्रत्येक पोराला एक तुकडा दिला आणि सांगितलं, एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहा आणि मग ती जागा ओठाला लावून बघा. वर्गभर हाय-हुय झालं. तार चटका देत होती.

मग त्यांनी फळ्यावर गुरू काढला. आयो हा त्याच्या चार मोठ्या चंद्रांपैकी सगळ्यात आतला, आकाराने आपल्या चंद्रापेक्षा जेमतेम मोठा. एवढासा गोळा केव्हाच थंड होऊन पडायला हवा होता, आपला चंद्र पडलाय तसा. पण गुरू त्याला ओढतो, जवळच्या बाजूला जास्त, पलीकडच्या बाजूला कमी, आणि त्या ओढाताणीत आयो किंचित अंड्यासारखा लांबतो. कक्षा अगदी गोल असती तर लांबला तो लांबला, कायम तेवढाच राहिला असता आणि तापायचं कारण नव्हतं. कक्षा जराशी लांबट आहे, तिथेच गोम आहे. गुरूजवळ आला की ताण वाढतो, लांब गेला की कमी होतो. बेचाळीस तासांच्या एका फेरीत तिथली जमीन शंभरेक मीटर वर-खाली होते. समुद्राची भरती नव्हे, दगडाची भरती. आतला खडक असा मळून मळून तापतो, तुमच्या हातातल्या तारेसारखा.

राजाराम नावाच्या एका हुशार मुलाने हात वर केला. उष्णता निघून गेली म्हणजे कक्षेतली ऊर्जा कमी झाली, मग कक्षा हळूहळू गोल होऊन सगळं थांबायला नको का, असं त्याने विचारलं. सरांचा चेहरा असा फुलला की मला त्या मुलाचा हेवा वाटला. थांबायलाच हवं, सर म्हणाले. आयो एकटा असता तर केव्हाच थांबलं असतं. पण बाहेर युरोपा आणि गॅनिमीड हे त्याचे दोन भाऊ बसलेत. गॅनिमीडची एक फेरी होते तेवढ्यात युरोपाच्या दोन होतात आणि आयोच्या चार. त्यामुळे त्यांची गाठ ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी पडते, आणि प्रत्येक वेळी धक्का त्याच जागी बसतो. झोपाळ्याला वेळेवर दिलेले छोटे छोटे धक्के जसे साठत जातात तसे हे धक्के साठतात. गुरूची ओढ ती कक्षा गोल करायला बघते, आणि हे दोघे ती होऊ देत नाहीत.

“त्याला कुणी एकटं सोडत नाही, म्हणून तो जळतो,” सर म्हणाले आणि हात झटकून खडू खाली ठेवला.

त्या दिवसापासून त्यांना आयोचं वेड लागलं. वेड म्हणजे नुसतं कौतुक नव्हे. त्यांना एका प्रश्नाने धरलं होतं. आयोची आग शेवटी गुरूच्या फिरण्यातून येते. आयोच्या ओढीने गुरूच्या अंगावरही फुगवटा येतो, पण गुरू स्वतःभोवती भराभर फिरत असल्याने तो फुगवटा आयोच्या जरा पुढे पळतो आणि आयोला पुढे ओढून बाहेर ढकलू पाहतो. उलट आयोच्या पोटात जळणारी ऊर्जा त्याला आत खेचू पाहते. रस्सीखेच चालली आहे, पण जिंकतंय कोण ते नक्की कुणाला माहीत नाही. आयो आत सरकत असेल तर तो थोडा भरभर फिरेल आणि शतकानुशतकं हळूहळू वेळेच्या आधी यायला लागेल. बाहेर जात असेल तर उशिरा. तो गुरूच्या सावलीत शिरतो आणि बाहेर येतो त्या वेळा माणसं तीनशे वर्षं टिपत आली आहेत. त्या माळेत आपलाही एक मणी असावा, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. मूलबाळ नव्हतं. प्रमोशन नको म्हणून त्यांनी लिहून दिलं होतं. हे एक मात्र हवं होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

गुरूला सूर्याभोवती फिरायला आपली जवळजवळ बारा वर्षं लागतात. ती एक फेरी पुरी करायची आणि मगच सगळ्या वेळा बाहेर द्यायच्या, तोवर कुणाला दाखवायच्या नाहीत, असं त्यांनी ठरवलं. मी म्हणायचे, सर, अधूनमधून पाठवा तरी. ते म्हणायचे, अर्धवट रांधलेलं कुणी वाढतं का?

सावलीतून बाहेर येणारा आयो दिवा लावल्यासारखा एकदम दिसत नाही. आधी काळोखात नसल्यासारखा एक ठिपका, मग तो तीन-चार मिनिटांत भरत जातो. पहिला ठिपका दिसला की बटण दाबायचं. तो नीट बघण्याची एक युक्ती असते. त्याच्याकडे सरळ बघायचं नाही, नजर जरा बाजूला ठेवायची आणि डोळ्याच्या कडेने त्याला पकडायचं. मंद उजेड कडेच्या नजरेला आधी कळतो. हे सरांनीच मला शिकवलं. दिल्लीहून शॉर्टवेव्हवर वेळेची टिकटिक यायची, ती लावून स्टॉपवॉच सुरू करायचं, आणि पंचांगातल्या वेळेशी ताडून बघायचं. पंचांग म्हणजे खगोलशास्त्राचं, परदेशातून येणारं.

आता सकाळी सातला तास असलेल्या माणसाला मध्यरात्रीनंतर जागणं जमत नाही. गुरू पहाटेच्या आकाशात असतो त्या महिन्यांत आयो सावलीत शिरताना दिसतो, आणि संध्याकाळच्या आकाशात असतो तेव्हा बाहेर येताना. सर संध्याकाळचा माणूस. त्यांच्या सगळ्या वेळा बाहेर येण्याच्या होत्या. सावलीत शिरण्याची एकही नव्हती. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. उपनगरातला नोकरदार माणूस नोकरी सांभाळून जे करेल तेच ते करत होते.

पहिली काही वर्षं त्यांच्या वेळा पंचांगाशी छान जुळल्या. मग आयोला उशीर व्हायला लागला. आधी थोडा, मग जास्त, सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात तर चांगला अर्ध्या मिनिटापर्यंत. सरांनी ते मला कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये सांगितलं, आणि सांगताना त्यांचा खणखणीत आवाज चक्क उतरला होता.

“आयोला उशीर होतोय, अनुपमा.”

मी काय म्हणावं? माझी जीभ तशी तिखटच. मी म्हटलं, सर, भरतीच्या ओढीने आयो सरकला तरी दहा वर्षांत सेकंदाचा फार तर काही भाग सरकेल, तीनशे वर्षं साठवलं तेव्हा कुठे मिनिटांची भाषा. अर्धं मिनिट सरकायला तो काय बसची वाट बघत उभा होता? ते चिडले नाहीत. त्यांना हे गणित माझ्याहून चांगलं येत होतं. ते म्हणाले, भरती नसेल. पंचांग चुकत असेल. पंचांग करणाऱ्यांचं आयोचं गणित कुठेतरी ढिलं असेल, आणि ते सापडलं तरी काय कमी आहे? पवईच्या इन्स्टिट्यूटमधल्या एका प्राध्यापकांनी डिसेंबर अठ्ठ्याऐंशीला कॉलेजच्या शिक्षकांचं संमेलन ठेवलं होतं. तिथे बोलायचं सरांनी कबूल केलं. बारा वर्षं थांबायचा हट्ट त्यांनी सोडला, एवढा आनंद झाला होता त्यांना.

त्याआधी जानेवारीत त्यांनी मला माझी छोटी दुर्बीण घेऊन बोलावलं. दोघांनी शेजारी बसून एकच ग्रहण बघायचं. माझी दुर्बीण चार इंची, त्यांच्याहून मंद. म्हणजे माझ्या दुर्बिणीत ठिपका उशिरा दिसायला हवा होता. संध्याकाळचे आठ वाजले असतील, खाली आंटींचा रेडिओ चालू होता तो त्यांनी बंद करायला लावला. ठिपका दिसला आणि मी बटण दाबलं. मग मी सरांच्या बटणाचा आवाज येण्याची वाट बघत राहिले. तो येईना. आयो चांगला चमकायला लागला तेव्हा कुठे तो आवाज आला.

मला वाटलं, आपणच बटण उशिरा दाबतोय हे सरांना आता कळेल. सर हसले आणि म्हणाले, तू फार उतावीळ आहेस, आयो यायच्या आधीच बटण दाबतेस. मला राग आला. नऊ वर्षं मला हेच शिकवलं आणि वर मीच उतावीळ? मी दुर्बीण उचलली आणि रिक्षा करून घरी आले. पण रिक्षात बसल्यावर राग गेला आणि भलताच विचार आला, आणि तो मनातून जाईना.

पुढच्याच आठवड्यात मी त्यांना स्टाफरूममध्ये गाठलं. म्हटलं, सर, दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज नसतं आणि तेव्हा गुरू पहाटेचा आहे. आयो सावलीत शिरताना बघू. उशीर आयोला होत असेल, किंवा पंचांग चुकत असेल, तर तो शिरेलही उशिरा आणि निघेलही उशिरा. दोन्ही एकाच बाजूला जाईल. एवढंच बोलले. दुसरी शक्यता काय ते मी बोलले नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. त्यांनी पायाची सायकलची क्लिप काढली, हातात फिरवली आणि म्हणाले, बघू या की. फिजिक्सच्या मास्तराला दुसरी शक्यता सांगावी लागत नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस त्या पहाटे आकाश स्वच्छ होतं. चर्चची पाच वाजताची घंटा झाली होती आणि कोंबडे आरवत होते. गुरू पश्चिमेकडे कलला होता, त्या बाजूला एक नवी सात मजली इमारत उभी राहत होती, तिच्या जरा वर. आम्ही शेजारी बसलो. घड्याळं लावली. आयो गुरूच्या कडेपासून जरा दूर, स्वच्छ ठिपका. आता हळूहळू विझायचा होता, आणि शेवटचा कण दिसेनासा झाला की बटण दाबायचं होतं.

तो मंद व्हायला लागला. मी नजर बाजूला केली. मला तो दिसत होता, मंद पण नक्की, आणि शेजारी सरांचं बटण वाजलं.

माझ्या चार इंची दुर्बिणीत आयो अजून होता. मी डोळा हलवला नाही. तो होता. आणखी होता. मनातल्या मनात मी त्याला जा म्हणत होते. मी आयुष्यात कुणाला मनापासून जा म्हटलं असेल तर त्या आयोला. तो गेला तेव्हा मी बटण दाबलं, आणि ते पंचांगाच्या वेळेला जवळजवळ धरून होतं. सरांनी माझ्या बटणाचा आवाज ऐकला. एवढ्या शांततेत न ऐकून कुठे जाणार? नियम त्यांचाच होता.

बाहेर येताना अर्धं मिनिट उशीर, आत जाताना अर्धं मिनिट घाई. असं करणारा चंद्र असत नाही. असा डोळा असतो. अधू डोळ्याला ठिपका उशिरा दिसतो आणि लवकर दिसेनासा होतो.

सरांनी नळीवर टोपण बसवलं. ते बसवताना पहिल्यांदा जरा बाजूला गेलं, दुसऱ्यांदा बसलं. मी ते पाहिलं. अशी किती टोपणं, किती जिन्याच्या पायऱ्या मी याआधी पाहूनही पाहिल्या नव्हत्या कोण जाणे.

“आयो वेळेवर आहे,” ते म्हणाले. “चला. चहा घेऊ.”

अंधेरीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. ह्यात डोळ्यातला दाब वाढून मागची नस मरत जाते, आणि गेलेली परत येत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, कळत नाही. उजवा डोळा जास्त गेला होता, तोच जो ते दुर्बिणीला लावायचे. हा रोग नजरेच्या कडा आधी खातो. ज्या कडेच्या नजरेने आयोला पकडायचं, तीच सगळ्यात आधी गेली होती, आणि समोरचं वाचता येत होतं म्हणून कुणाला पत्ता लागला नव्हता. ज्युलिया आंटी दवाखान्याच्या बाकावर बसून डॉक्टरांवर नाही, सरांवर नाही, आयोवर चिडल्या. त्या म्हणाल्या, त्या मेल्याकडे रोज बघून बघून डोळे घालवले ह्यांनी. बघितल्यामुळे डोळे जात नाहीत हे मी त्यांना समजावलं, पण माझं मलाच ते बोलणं पोकळ वाटलं.

नोव्हेंबरात मी सरांच्या घरी गेले. पवईचं भाषण रद्द केल्याचं त्यांनी कळवून टाकलं होतं. भाषणाचं जाऊ दे, मी म्हटलं, पण वेळा तर वाचवू. पहिल्या चार-पाच वर्षांच्या तरी चांगल्या आहेत.

“कशावरून चांगल्या?” त्यांनी विचारलं.

“पंचांगाशी जुळतात.”

“मग मी पंचांगच पाठवतो ना. माझ्या वेळा कशाला?” आवाज चढला नव्हता, शिकवताना असायचा तसाच होता. “जुळतं ते ठेवायचं आणि जुळत नाही ते फेकायचं, तर मग बघायचं कशाला? तू मला एवढं सांग, डोळा कधी जायला लागला. वर्ष सांग. त्याच्या आधीच्या ठेवतो.”

मला सांगता येईना. डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. हा रोग एखाद्या सकाळी येत नाही. तो वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलांनी येतो, आणि अमुक एका वेळेपर्यंत डोळा खरा होता असं म्हणायला जागा ठेवत नाही. सर्वच्या सर्व गेलं. एकोणऐंशीपासूनची प्रत्येक संध्याकाळ, डासांत बसून, सणवार सोडून, सासुरवाडीची लग्नं चुकवून टिपलेली प्रत्येक वेळ. मी भांडले. मी म्हटलं, सर, हा अन्याय आहे. ते म्हणाले, कुणाचा? कुणाचाच नव्हता, आणि म्हणूनच तो पचत नव्हता. कुणी फसवलं असतं तर निदान शिव्या घालता आल्या असत्या.

माळेत मणी राहिला नाही, एवढंच. तीनशे वर्षांच्या माळेला त्याने काही फरक पडत नाही, हे सर स्वतःच म्हणाले, आणि मला वाटतं तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं.

उरलीसुरली नजर टिकावी म्हणून डिसेंबरात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. फार पुढे गेलेल्या काचबिंदूत कधीकधी ऑपरेशननंतर होती तीही नजर जाते, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. ती गेली. डाव्यात थोडी राहिली, नळकांड्यातून बघावं तशी. सरांनी कॉलेज सोडलं. निरोप समारंभ नको म्हणाले. वर्गात जाऊन पोरांना तेवढं भेटले, आणि कुणीतरी तारेचा एक तुकडा आणून टेबलावर ठेवला होता, तो खिशात घालून घरी घेऊन आले. वाकवला मात्र नाही. आंटींनी मला तो दाखवला, भिंतीवरच्या क्रुसाखाली सरळच्या सरळ ठेवलेला.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी आंटींचा फोन आला. ते चार महिन्यांत गच्चीवर गेलेले नाहीत, जेवत नाहीत, गात नाहीत, तू ये. मी गेले. सरांना म्हटलं, आज आठच्या सुमाराला आयो बाहेर येतोय, मला वेळ घ्यायचीय आणि माझी दुर्बीण आणलेली नाही, तुमची वापरू का? वेळ घेणं हे नुसतं निमित्त होतं, पण ते उठले. जिन्यावर त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. आंटी मागून कंदील घेऊन आल्या आणि कठड्यापाशी उभ्या राहिल्या. मागची सात मजली इमारत आता पुरी झाली होती, तिच्या खिडक्यांतून ट्यूबलाइटचा उजेड गच्चीवर पडत होता. गुरू कृत्तिकांजवळ होता, डोक्यावर, ठळक. सरांनी मान वर केली, पण भलत्या बाजूला.

मी दुर्बीण लावली. घड्याळ सुरू केलं. सर शेजारच्या स्टुलावर बसले होते, हात मांडीवर. ठिपका दिसला आणि मी बटण दाबलं, नियमाप्रमाणे गप्प. ते वेळेवर होतं. आयो भरत गेला. तिकडे त्याच्या पोटात दगड वितळत होता, युरोपा आणि गॅनिमीड त्याला वेळच्या वेळी धक्के देत होते, आणि इकडे आम्ही तिघं अंबोलीच्या एका गच्चीवर होतो.

“आला ना?” सरांनी विचारलं.

त्यांचा नियम त्यांनीच मोडला होता. मी हो म्हटलं.

“मला बघू दे.”

मी उठले. ते सवयीने बसले, सवयीने उजवा डोळा लावला. मी म्हणणार होते, डावा, सर. म्हटलं नाही. आंटी एक पाऊल पुढे आल्या होत्या. सर तसेच बसून राहिले. नळी ढकलायला त्यांचा हात उठला नाही. जो हात दहा वर्षं न सांगता उठत होता, तो मांडीवरच राहिला.

“हो,” ते म्हणाले. “दिसला. झकास दिसला.”

आंटींनी पदराने डोळे पुसले आणि जेवण गरम करते म्हणून घाईघाईने खाली गेल्या. आज ते जेवतील असं त्यांना वाटलं असणार, आणि ते जेवलेही. मी सरांना जिन्यापर्यंत पोचवलं, टोपण बसवायला परत आले, आणि बसवण्याआधी आत डोळा लावला. गुरू केव्हाच सरकून नजरेबाहेर गेला होता. आत नुसता काळोख होता.